दहावी, हजेरी ६४ टक्के आणि शाळेची नोटीस: उत्तर कसं लिहावं, कागद कोणते जोडावेत?

पाणकावळा
मुलगी दहावीत आहे, सीबीएसई शाळा. काल शाळेची नोटीस आली: १५ नोव्हेंबरपर्यंत कामाचे दिवस १३८, उपस्थिती ८९, म्हणजे ६४.५ टक्के. ७५ टक्के पूर्ण नसल्यास बोर्डाच्या परीक्षेला बसता येणार नाही, सात दिवसांत लेखी खुलासा करावा. सोबत एक छापील हमीपत्र आहे, पालकांनी सही करून द्यायचं. त्यात 'माझा पाल्य सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिला असून परिणामांची जबाबदारी माझी राहील' असं वाक्य आहे.

तिला ऑगस्टमध्ये कावीळ झाली होती (हिपॅटायटिस ए). ६ ते ११ ऑगस्ट रुग्णालयात होती, नंतर घरीच. १५ सप्टेंबरला शाळेत परत गेली. ऑक्टोबरमध्ये थकवा, ताप, तपासण्या यामुळे अधूनमधून दिवस बुडाले. कागद म्हणाल तर डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची बिलं आणि डॉक्टरांची 'दोन आठवडे विश्रांती' अशी एक चिठ्ठी. आजारपणात वर्गशिक्षिकांना फोनवर आणि मेसेजवर कळवत होतो. उत्तर कसं लिहायचं? त्या हमीपत्रावर सही करू का?

बिनधास्त_७
एवढं टेन्शन कशाला? मेडिकल सर्टिफिकेट लावा, ते दिवस हजर धरतात. माझ्या भाच्याचं असंच झालं होतं. एका पानाचं सर्टिफिकेट दिलं, हॉल तिकीट आलं, विषय संपला.

कोवळं_ऊन
आमच्या मुलाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेडिकलला दहा टक्के सूट होती, तरी त्याला एका विषयात डिटेन केलं. एचओडींना तीनदा भेटलो. तुम्ही विषयवार टक्केवारी मागा, एखाद्या विषयात ७५ असेल तर त्याची तरी परीक्षा देता येईल.

आवक_जावक
कोवळं_ऊन, ते कॉलेजचं झालं. शाळेत दिवसाची हजेरी धरतात, विषयवार नाही. बोर्ड मुलाला परीक्षेला बसू देतं किंवा देत नाही, विषय वेगळे काढत नाही.

पाणकावळा, मी एका शाळेच्या ऑफिसात बरीच वर्षं काढली आहेत आणि असली प्रकरणं दर डिसेंबरात हाताखालून जायची. बिनधास्त म्हणतात ते अर्धं खरं आहे. हॉल तिकीट मिळतं हे खरं, पण दिवस हजर धरून नव्हे. आजारपणाचा कागद कितीही पक्का असला तरी हजेरीपटावरचा गैरहजरचा शेरा तसाच राहतो आणि टक्केवारी हलत नाही. कागदामुळे एवढंच होतं की शाळा 'हा शॉर्टेज माफ करावा' अशी शिफारस बोर्डाच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवू शकते. म्हणून उत्तरात 'हजेरी लावून द्यावी' असं लिहू नका. ते वाचल्यावर मुख्याध्यापकांना वाटतं की पालक रजिस्टर फिरवायला सांगताहेत, आणि तिथेच गाडी अडते. मागायची असते शिफारस.

हमीपत्रावर आहे तशी सही अजिबात नको. 'सबळ कारणाशिवाय' या शब्दांवर सही झाली की नंतर जोडलेला प्रत्येक रिपोर्ट तुमच्याच सहीच्या विरुद्ध जातो. खुलासा स्वतंत्र द्या आणि त्यात लिहा की हमीपत्रातला मजकूर वस्तुस्थितीशी जुळत नसल्याने सही केलेली नाही.

आता आधी हिशेब. बोर्ड हजेरी १ जानेवारीला मोजतं, आजच्या तारखेला नाही. तोपर्यंत कामाचे किती दिवस उरलेत ते शाळेकडून घ्या. आणि ४९ गैरहजर दिवसांच्या तारखा मागा. टक्केवारीवर कोणी उत्तर देऊ शकत नाही, तारखांवर देता येतं.

पाणकावळा
तारखा मिळाल्या. क्लार्कनी आधी 'ॲपवर बघा' म्हणून टोलवलं. ॲपवर नुसतेच महिन्याचे आकडे आहेत, म्हणून लेखी अर्ज दिला तेव्हा हजेरीपटाची नक्कल दिली.

३१ दिवस ४ ऑगस्ट ते १३ सप्टेंबरचे सलग. ८ ऑक्टोबरमधले सुटे. ५ जुलैचे, तेव्हा घरगुती कारणाने बाहेर होतो. २ दिवसांचं काहीच आठवत नाही. आणि गंमत म्हणजे ३ दिवस असे की ती शाळेच्याच वतीने विज्ञान प्रदर्शनाला गेली होती, तिथे गैरहजर लावलंय!

३१ डिसेंबरपर्यंत अजून ३२ दिवस आहेत म्हणे.

आवक_जावक
छान, आता चित्र दिसायला लागलं. ८९ मध्ये ३२ मिळवले तर १२१, एकूण दिवस १७०. म्हणजे उद्यापासून एकही दिवस न चुकवता ७१.२ टक्के. १७० चे ७५ टक्के म्हणजे १२८ दिवस, सात कमी. प्रदर्शनाचे तीन दिवस दुरुस्त झाले तर १२४, टक्केवारी ७२.९, कमी फक्त चार. म्हणजे माफी मागायची ती चार दिवसांची, ६४ टक्क्यांची नाही. हा आकडा पत्रात आलाच पाहिजे, कारण नोटिशीतला ६४.५ वाचून समोरचा माणूस घाबरतो आणि ७२.९ वाचून तोच माणूस पेन काढतो. बोर्डाच्या उपविधींमध्ये ६० च्या खालची प्रकरणं फक्त दीर्घ रुग्णालयवास लागणारा फार गंभीर आजार असेल तरच विचारात घेतात. तुम्ही त्या रेषेच्या बरेच वर आहात.

प्रदर्शनाचे दिवस आजारपणाच्या अर्जात कोंबू नका. तो वेगळा अर्ज: सहभागाचं प्रमाणपत्र, सोबत गेलेल्या शिक्षकांचं नाव, तारखा, आणि 'नोंद दुरुस्त करावी' ही विनंती. हजेरी लावून द्या असं म्हणायची जागा असलीच तर ती इथे, कारण चूक नोंदीची आहे.

बिनधास्त_७
पण जुलैचे ५ दिवस कशाला सांगायचे? 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहून मोकळं व्हायचं. डॉक्टर ओळखीचे असतील तर देतात पाच दिवसांचं.

नाडी
ओळखीचे डॉक्टर म्हणून मीच बोलतो मग. असे 'पाच दिवसांचे' कागद मागायला दर परीक्षेच्या आधी लोक येतात. न पाहिलेल्या आजाराचा दाखला देणं म्हणजे नोंदणी धोक्यात घालणं. आणि पकडायला फार अक्कल लागत नाही. जुलैतल्या आजाराचा दाखला नोव्हेंबरच्या कोऱ्या लेटरहेडवर, त्याच शाईत, त्याच सहीने, आणि त्या महिन्यात ना केसपेपर ना औषध. एक खोटा कागद निघाला की बाकीच्या खऱ्यांकडेही संशयाने बघतात.

पण पाणकावळा यांच्याकडे जे आहे त्यातली खरी अडचण वेगळी आहे. रुग्णालयातले दिवस सहा, घरी विश्रांती पाच आठवड्यांची. चिठ्ठी दोन आठवड्यांची. म्हणजे साधारण २५ ऑगस्टनंतर कागद गप्प आहे, आणि तपासणारा नेमका तिथे बोट ठेवणार: 'डिस्चार्ज ११ ला झाला, मग मुलगी १५ सप्टेंबरपर्यंत घरी का?' रक्ताचे रिपोर्ट कुठल्या तारखांचे आहेत?

पाणकावळा
बिलिरुबिन ५ ऑगस्टला ९.४, १८ ऑगस्टला ५.१, १ सप्टेंबरला २.३, १२ सप्टेंबरला १.१. सगळे एकाच लॅबचे.

नाडी
मग तुमचं उत्तर या चार आकड्यांतच आहे. बिलिरुबिन साधारण १.२ पर्यंत असेल तर ठीक समजतात. १ सप्टेंबरलाही ते जवळपास दुप्पट होतं आणि १२ ला खाली आलं. ती १५ ला शाळेत गेली, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर लगेच. यापेक्षा सरळ पुरावा नाही. रिपोर्टवर छापलेली तारीख आणि नाव कोणी सहज मागाहून घालू शकत नाही, म्हणून हे कागद डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षाही वजनदार ठरतात.

आता उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जुनी फाईल घेऊन जा आणि दाखला मागा. दाखल्यावर तारीख आजचीच हवी. मजकुरात मात्र काळ मागचा: 'माझ्या नोंदीनुसार ही रुग्ण ४ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर या काळात हिपॅटायटिस ए साठी माझ्या उपचाराखाली होती, या काळात शाळेत जाण्यास असमर्थ होती, १५ सप्टेंबरपासून शाळेत जाण्यास योग्य.' डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. आजची तारीख टाकून मागच्या काळाबद्दल लिहिणं यात गैर काही नाही, नोंद असली की झालं. मागची तारीख टाकणं गैर.

ऑक्टोबरच्या आठ दिवसांत ज्या दिवशी ओपीडीचा कागद आहे तेवढेच आजारपणात धरा. बाकीचे 'आजारानंतरचा अशक्तपणा' म्हणून लिहा, पण त्यांना पुरावा आहे असं म्हणू नका.

सावली
मला वेगळंच विचारायचंय. माझा मुलगा बारावीला, अँग्झायटीवर उपचार चालू आहेत, सकाळी शाळेच्या गेटपर्यंत जाऊन परत यायचा. ६९ टक्के आहे. मानसोपचारतज्ज्ञ दाखला द्यायला तयार आहेत, पण निदान शाळेत गेलं की स्टाफरूममध्ये चर्चा होणार, नंतर मुलांपर्यंत. निदान न लिहिता चालतं का?

आवक_जावक
शाळेपुरतं चालू शकतं, क्षेत्रीय कार्यालयापुढे अवघड आहे. तिथे सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि तपासण्यांचे कागद मागतात. 'वैद्यकीय कारणाने' एवढंच लिहिलेलं प्रकरण शेरा मारून परत येतं. मी पाहिलेला मधला मार्ग असा: खुलाशात फक्त 'दीर्घ वैद्यकीय उपचार' लिहायचं, निदानाचे कागद बंद पाकिटात, पाकिटावर 'गोपनीय, फक्त मुख्याध्यापकांसाठी', आणि आवक रजिस्टरला 'बंद पाकीट एक' अशी नोंद. वर्गशिक्षकांकडे द्यायचं नाही.

सावली
पाकीट पुढे क्लार्कच उघडणार ना प्रकरण टाईप करायला?

आवक_जावक
बऱ्याच ठिकाणी, हो.

नाडी
मी अशा वेळी दाखल्यात आजाराचं नाव सौम्य पण खरं लिहितो, आणि कामाचा मुद्दा, म्हणजे कोणत्या तारखांना शाळेत जाणं शक्य नव्हतं, तो ठळक लिहितो. पण सरकारी डॉक्टर त्यावर समाधानी होतील याची खात्री मी देऊ शकत नाही. तुमच्या तज्ज्ञांशी शब्दांवर आधी बोला.

पाणकावळा
हे 'सरकारी डॉक्टर' प्रकरण काय आहे? आमचे तर खासगी.

आवक_जावक
सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सगळी मूळ फाईल दाखवायची. आजार त्यांनी पाहिलेला नसतो, त्यामुळे ते नव्याने 'आजारी होती' असं लिहीत नाहीत. कागद तपासून खासगी डॉक्टरांच्या दाखल्यावर प्रतिस्वाक्षरी करतात किंवा कागदांच्या आधारे प्रमाणपत्र देतात. कुठे एका दिवसात होतं, कुठे 'मंगळवारी या' म्हणतात. मुलीला सोबत न्या, तिला बघायला मागतात. या कामाला नोटिशीचे सात दिवस पुरणार नाहीत, म्हणून उत्तर थांबवू नका. उत्तर मुदतीत द्या, आणि त्यात लिहा की सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळताच सादर करतो.

आणखी एक. जुलैच्या पाच दिवसांबद्दल माझं मत: स्पष्ट लिहा, एका ओळीत, सबब न देता. हजेरीपट त्यांच्यासमोर असतो, पाच दिवस लपत नाहीत. तुम्ही स्वतःहून ते आजारपणापासून वेगळे काढले की उरलेल्या ३१ दिवसांवर विश्वास बसतो.

बिनधास्त_७
मला नाही पटत. स्वतःच्या हाताने 'विनाकारण गैरहजर' लिहून देणं आहे हे. विचारलं तर सांगावं.

आवक_जावक
'विनाकारण' नाही, 'कौटुंबिक कारणाने, पूर्वपरवानगी घेतलेली नाही' असं. पण मान्य, काही मुख्याध्यापक त्याच ओळीवर अडून बसतात. शाळा बघून ठरवा.

मसुदा देतो, तारखा तुमच्या तुम्ही तपासा:

> प्रति, मा. मुख्याध्यापक
> विषय: कमी उपस्थितीबाबतच्या नोटिशीस उत्तर व शिफारशीची विनंती
>
> आपली दि. … ची नोटीस मिळाली. १५ नोव्हेंबरअखेर १३८ पैकी ८९ दिवस उपस्थिती हा आकडा हजेरीपटाशी ताडून पाहिला आहे. ४९ गैरहजर दिवसांचा तारखेनुसार तक्ता सोबत जोडला आहे.
>
> त्यापैकी ४ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर हे सलग ३१ दिवस माझी मुलगी हिपॅटायटिस ए ने आजारी होती. डिस्चार्ज कार्ड, चार रक्ततपासण्या व उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला जोडत आहे. ऑक्टोबरमधील ८ दिवसांपैकी ओपीडीचे कागद असलेले दिवस तक्त्यात दाखवले आहेत. जुलैतील ५ दिवस कौटुंबिक कारणाने गैरहजेरी होती. २ दिवसांबाबत कागद उपलब्ध नाही. ३ दिवसांची नोंद दुरुस्त करण्याबाबत स्वतंत्र अर्ज दिला आहे.
>
> उर्वरित ३२ दिवस पूर्ण उपस्थिती राहिल्यास १ जानेवारी रोजी १७० पैकी १२१, व नोंद दुरुस्त झाल्यास १२४ दिवस होतील. उरणारी तूट आजारपणामुळे असल्याने ती माफ होण्यासाठी आपल्या शिफारशीसह प्रकरण क्षेत्रीय कार्यालयास मुदतीत पाठवावे ही विनंती.
>
> सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र मिळताच सादर करीत आहे. सोबतच्या हमीपत्रातील मजकूर वस्तुस्थितीशी जुळत नसल्याने त्यावर सही केलेली नाही.

तक्त्यात तीनच रकाने ठेवा: तारीख, कारण, जोडपत्र क्रमांक. रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून प्रत्येकावर कोपऱ्यात जोडपत्र क्रमांक लिहा. औषधांची बिलं सगळ्यात शेवटी, आणि ज्यावर रुग्णाचं नाव नाही ती लावूच नका. मूळ कागद द्यायचे नाहीत. झेरॉक्सवर तुमची सही, मूळ फक्त दाखवायला न्या. दोन प्रती करा आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी शाळेच्या अधिकृत ईमेलवर स्कॅन पाठवा, शिवाय स्पीड पोस्टाने. आजारपणात वर्गशिक्षिकांना केलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉटही तारखेसकट लावा. बोर्डाचा आता आग्रह आहे की रजेचा अर्ज आजारपणात लगेच, कागदांसह द्यावा. तुम्ही अर्ज दिला नव्हता, पण शाळेला कळवलं होतं हे तरी दिसेल.

कोवळं_ऊन
कोर्टात जायचा पर्याय कोणी सांगितला नाही?

आवक_जावक
आहे, पण चार दिवसांच्या तुटीसाठी आज तिकडे बघायची गरज नाही. आधी शाळा पुढे पाठवते का ते बघा.

पाणकावळा
अपडेट. उत्तर दिलं, आवक क्रमांक मिळाला. शिक्का द्यायला क्लार्क कुरकुरत होत्या, मग ईमेलची प्रत दाखवली. डॉक्टरांनी दाखला आजच्या तारखेने दिला, नाडी यांनी सांगितला तसाच. सरकारी रुग्णालयात प्रतिस्वाक्षरी झाली. तिथल्या डॉक्टरांनी बाकी काही न विचारता थेट १ सप्टेंबरचा रिपोर्ट काढला आणि त्यावर बोट ठेवून 'ओके' म्हणाले.

प्रदर्शनाच्या तीनपैकी दोन दिवस दुरुस्त झाले. तिसऱ्या दिवसासाठी सोबतच्या शिक्षकांनी 'त्या दिवशी ती लवकर घरी गेली' असं लिहून दिलंय. म्हणजे आता १७० पैकी १२३ धरायचे. मुख्याध्यापक म्हणाले 'बघतो'. 'मुलीचं नाव बोर्डाला पाठवलेल्या यादीत आहे, काळजी नको' असंही म्हणाले. मग मिटलं का?

आवक_जावक
नाही मिटलं. बोर्डाला पाठवलेली उमेदवारांची यादी हजेरी मोजायच्या बरीच आधी भरली जाते. नाव त्यात असणं आणि शॉर्टेज माफ होणं या दोन वेगळ्या गोष्टी. १२३ म्हणजे ७२.४ टक्के, पाच दिवस कमी, शिफारस लागणारच. क्षेत्रीय कार्यालय ७ जानेवारीनंतर अशी प्रकरणं घेत नाही, म्हणून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेला एक ओळीचं पत्र द्या: 'प्रकरण कोणत्या जावक क्रमांकाने व कोणत्या तारखेस पाठवले ते कळवावे.' तोंडी 'पाठवलं' ऐकून घरी येऊ नका.

तिसऱ्या दिवसासाठी भांडू नका. पाच काय आणि चार काय, शिफारशीला फरक पडत नाही, आणि त्या शिक्षकांचीच सही पुढे लागू शकते.

सावली
आमच्या शाळेत पाकीट घेतलं, पण रजिस्टरमध्ये 'वैद्यकीय कागद (मानसिक)' असं लिहिलं. आता ही नोंद बदलून घेता येते का?

आवक_जावक
खोडता येत नाही, पण मुख्याध्यापकांना भेटून त्याखाली 'बंद पाकीट, गोपनीय' अशी दुरुस्तीची नोंद त्यांच्या सहीने करून घेता येते. उद्याच जा.